बॅच नंबर 2.41E+06 : सप्लायरच्या मेलमधली फाइल डेटाबेसमध्ये चढवताना गेलेले अकरा दिवस

"अहो, आमच्या सॉफ्टवेअरमधनं जशी फाइल निघते तशीच आम्ही पाठवतो." हे वाक्य मी अकरा दिवसांत निदान सात वेळा ऐकलं. प्रत्येक वेळी माणूस वेगळा, वाक्य तेच. काम होऊन महिना झाला तरी डोक्यातून जात नाही, म्हणून सगळं लिहून काढतोय. दुसऱ्या कुणाचे तरी अकरा दिवस वाचतील.

सांगलीत विश्रामबागला आमचं औषधांचं होलसेलचं ऑफिस आहे. मिरजेतल्या दवाखान्यांजवळची मेडिकल दुकानं हे आमचं मोठं गिऱ्हाईक. ज्यांच्याकडून आम्ही माल घेतो ते सप्लायर रात्री त्या दिवसाच्या बिलांची सीएसव्ही फाइल मेलला जोडून पाठवतात. पूर्वी ऑफिसातला एकजण सकाळी बसून त्या फाइली एकेक करून उतरवायचा आणि एका मोठ्या शीटमध्ये चिकटवायचा. भाऊंनी, म्हणजे आमच्या मालकांनी, मला सांगितलं की हे आपोआप झालं पाहिजे आणि एक्स्पायरीचा रिपोर्ट सकाळी साडेसातला टेबलावर पाहिजे.

मेल वाचून फाइल बाजूला काढणं दोन संध्याकाळींत झालं. पायथनमधलं `imaplib`, `imap.gmail.com`, पोर्ट 993. जीमेलला नेहमीचा पासवर्ड चालत नाही. खात्यावर टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करून सोळा अक्षरी ॲप पासवर्ड काढावा लागतो. फाइल ओळखताना मेलमध्ये लिहिलेल्या प्रकारावर जाऊ नका. कुणाची सीएसव्ही `text/csv` म्हणून येते, कुणाची `application/vnd.ms-excel` म्हणून. नावाच्या शेवटी `.csv` आहे का आणि पाठवणारा आपल्या यादीत आहे का, एवढंच बघा. डेटाबेस पोस्टग्रेस. पहिले काही आठवडे सगळं सुरळीत चाललं.

मग एका सोमवारी गोडाऊनमध्ये मोजणी झाली. बीपीच्या एका गोळीच्या २०० स्ट्रिप हाताला लागल्या. रिपोर्टमध्ये ८०. खोकी उघडून बघितली तर दोन बॅच होत्या, 2412E03 च्या १२० आणि 2413E03 च्या ८०. रिपोर्टमध्ये बॅच एकच, आणि तिचा नंबर 2.41E+06.

औषधाच्या धंद्यात बॅच नंबर चुकणं म्हणजे काय ते बाहेरच्यांना सांगायला हवं. कंपनीने एखादी बॅच परत मागवली तर आम्हाला त्याच दिवशी कळलं पाहिजे की ती कुठल्या दुकानात गेली. आमचा रिपोर्ट 2412E03 शोधल्यावर "सापडली नाही" असं सांगत होता आणि त्या स्ट्रिप रॅकवर पडलेल्या होत्या. ते बघून मला खरंच धडकी भरली.

पहिला संशय मी माझ्याच स्क्रिप्टवर घेतला. सीएसव्ही वाचणारी काही साधनं आकड्यासारखं दिसेल त्याचा आकडा करतात. पांडाज वापरत असाल तर `read_csv` ला `dtype=str` द्याच, नाहीतर रकान्यात सगळे नंबर याच ढंगाचे असले की 2412E03 चे चोवीस लाख बारा हजार होतात, कारण मधला E म्हणजे "पुढे इतकी शून्यं" असा अर्थ लावला जातो. पण मी पायथनचं साधं `csv` वापरलं होतं, ते प्रत्येक रकाना अक्षरं म्हणूनच ठेवतं. शिवाय आलेला प्रत्येक मेल मी जसाच्या तसा `.eml` करून साठवत होतो. (हे नक्की करा. त्याच्याशिवाय मी पुढचं काहीच सिद्ध करू शकलो नसतो.) त्यातली फाइल काढून नोटपॅडमध्ये उघडली. तिथेही 2.41E+06. म्हणजे फाइल बिघडूनच आली होती.

ती फाइल पाठवणाऱ्या सप्लायरच्या डेपोत फोन केला. वरचं वाक्य ऐकलं. त्यांनी त्याच बिलाची फाइल सॉफ्टवेअरमधून पुन्हा काढून मला व्हॉट्सॲपवर पाठवली, आणि तिच्यात दोन्ही बॅच बरोबर! "बघा, आमच्याकडं बरोबर आहे. तुमच्या कॉम्प्युटरला काहीतरी झालंय." मी मेलमधल्या फाइलचा फोटो पाठवला. त्यांनी वरच्या ऑफिसला तक्रार नोंदवायला सांगितलं. तक्रार नोंदवली, तीन दिवसांनी बंद झाली. शेरा होता, फाइल तपासली, योग्य आहे. पुन्हा नोंदवली, पुन्हा बंद. इकडे भाऊ रोज विचारत होते आणि मी रोज सकाळी त्या सप्लायरच्या बॅच बिलावरून हाताने दुरुस्त करत होतो.

नवव्या दिवशी मी फोन करणं सोडलं आणि साठवलेल्या चाळीस फाइली शेजारी शेजारी लावल्या. सत्तावीस फाइलींत ओळी अशा होत्या:

```
"INV/1187","004512","2412E03","120"
"INV/1187","004512","2413E03","80"
```

आणि तेरा फाइलींत अशा:

```
INV/1187,4512,2.41E+06,120
INV/1187,4512,2.41E+06,80
```

अवतरणचिन्हं गेलेली, आयटम कोडच्या पुढची शून्यं गेलेली. ही एक्सेलची खूण आहे. सीएसव्हीवर डबल क्लिक केलं की एक्सेल आकड्यासारखं दिसणारं सगळं आकडा धरतं, आणि पुन्हा सीएसव्ही म्हणून सेव्ह करताना रकान्यात जे दिसतं तेच लिहितं. 2412E03 आणि 2413E03 दोन्ही 2.41E+06 असेच दिसतात. मूळ अक्षरं तिथेच संपली, ती त्या फाइलमधून परत काढता येत नाहीत.

आता एक गोष्ट कबूल करायची आहे. शून्यं गेलेली मला दुसऱ्याच आठवड्यात दिसली होती. तेव्हा मी कोड सहा आकडी करून घ्यायची एक ओळ, `zfill(6)`, टाकून पुढे गेलो. फाइल मध्ये कुणीतरी उघडतंय याचा पहिला पुरावा मी स्वतःच झाकला. आता येणारी चूक मी गुपचूप दुरुस्त करत नाही, फाइल अडवतो.

सत्तावीस चांगल्या फाइलींचे मेल रात्री बरोबर आठ वाजून पाच मिनिटांनी निघालेले होते. तेरा मेल पावणेनऊ ते साडेनऊच्या मध्ये कधीही. मग मी डेपोत एकच प्रश्न विचारला, "साडेआठनंतर मेल कोण पाठवतं?" संध्याकाळच्या पाळीतल्या एक ताई फोनवर आल्या. ज्या दिवशी परत आलेल्या मालाच्या ओळी असतात त्या दिवशी फाइल आपोआप जात नाही. त्या ती एक्सेलमध्ये उघडतात, उणे नगांच्या ओळी काढतात, सेव्ह करतात आणि पाठवतात. तसं त्यांना पूर्वीच्या साहेबांनी सांगितलेलं. "दादा, मी बॅचच्या रकान्याला हातसुद्धा लावत नाही हो." त्या शंभर टक्के खरं बोलत होत्या. त्यांच्या एक्सेलने काही न विचारताच तो रकाना बदलला होता. नऊ दिवसांत त्यांच्या ऑफिसातल्या एकानेही ताईंना विचारलं नव्हतं, याचा मला आजही राग येतो.

मी म्हटलं, "ताई, उणे ओळी राहू द्या, मी माझ्याकडं वेगळ्या घेतो. तुम्ही फाइल उघडूच नका." त्यांनी त्यांच्या साहेबांना विचारून होकार दिला. दहा मिनिटांचा फोन. तेरा दिवसांच्या फाइली पुन्हा काढून द्यायला मात्र आणखी दोन दिवस गेले.

फाइल उघडून बघणं गरजेचंच असेल तर एक्सेलमध्ये Data मधल्या From Text/CSV ने घ्या आणि बॅचचा रकाना Text करा. मायक्रोसॉफ्ट ३६५ च्या नव्या आवृत्त्यांत ही आपोआप बदलाची सवय Options च्या Data विभागात बंदही करता येते. हा त्रास फक्त आपल्याला आहे असं नाही. एक्सेल जनुकांच्या नावांच्या तारखा करतं म्हणून शास्त्रज्ञांच्या समितीने २०२० मध्ये MARCH1 सारखी नावंच बदलून MARCHF1 अशी केली.

पण १२० स्ट्रिप गेल्या कुठे? त्या माझ्या बाजूने गेल्या. सप्लायर दुरुस्त बिल पुन्हा पाठवतो, म्हणून मी बिल, आयटम आणि बॅच तीन्ही जुळले तर जुन्या ओळीवर नवी लिहायची (`ON CONFLICT DO UPDATE`) असं ठेवलं होतं, आणि ओळी एकेक करून टाकत होतो. दोन बॅचचं नाव एक झाल्यावर ८० ची ओळ १२० वर बसली, कुठेही एरर नाही. आता फाइल आधी जशीच्या तशी एका कच्च्या टेबलात जाते, ज्यातले सगळे रकाने `text` आहेत, आणि तिथून एकाच `INSERT ... SELECT` ने पुढे. असं केलं की एकाच फाइलमध्ये दोन ओळींची ओळख सारखी निघाल्यावर पोस्टग्रेस स्वतःच थांबतं:

```
ON CONFLICT DO UPDATE command
cannot affect row a second time
```

एकेक ओळ टाकताना हा पहारा मिळत नाही. हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर ती चूक पहिल्याच रात्री पकडली असती.

त्याच्याही आधी बॅचच्या रकान्यावर ही चाळणी आहे:

```
^\d(\.\d+)?E[+-]\d+$
```

खऱ्या 2412E03 मध्ये अधिक-उणे चिन्ह नसतं, म्हणून ती सुटते आणि 2.41E+06 अडकते. एक ओळ जरी अडकली तरी पूर्ण फाइल बाजूला जाते, अर्धी चढत नाही. 12-Mar सारखी तारीख झालेली बॅचही अशीच वेगळी शोधतो. फक्त आकड्यांची बॅच असेल आणि पुढचं शून्य गेलं असेल तर ते नुसत्या रूपावरून ओळखता येत नाही. त्यासाठी त्या त्या सप्लायरच्या बॅचची लांबी लिहून ठेवली आहे.

मेलचं एक राहिलंच. `UNSEEN`, म्हणजे न वाचलेले मेल, यावर विसंबू नका. भाऊंनी फोनवर मेल उघडून बघितला की तो वाचलेला होतो आणि स्क्रिप्ट त्याला सोडून देते. माझ्या दोन फाइली अशाच राहिल्या होत्या. आता शेवटच्या मेलचा यूआयडी नोंदवून त्याच्या पुढचे सगळे घेतो, आणि मेल `BODY.PEEK[]` ने वाचतो म्हणजे स्क्रिप्टमुळे कुठला मेल वाचलेला दिसत नाही.

परवा दुसऱ्याच एका सप्लायरची फाइल चाळणीत अडकली. त्यांना फोनवर समजावत बसलो नाही. अवतरणचिन्हं असलेली त्यांचीच कालची ओळ आणि नसलेली आजची ओळ एकाखाली एक लिहून पाठवली, आणि विचारलं की आज फाइल कुणी उघडली होती का. दुपारी दोनच्या आत नवी फाइल आली.