तुम्ही विचारलंत म्हणून: ‘हो’पुढचे टिंब

“सर, पोरीनं नुसतं ‘हो.’ असं टिंब देऊन धाडलं का रागावल्यावानी वाटते, अन् माह्या टिंबटिंबांनं तिलेही तसंच वाटते म्हणते. असं काऊन होते?”

कागदावर वाक्य कोठे संपले हे पूर्णविराम सांगतो. चॅटमध्ये मात्र मेसेज पाठवला की वाक्य आपोआपच संपते, त्यामुळे एका शब्दापुढे मुद्दाम दिलेले टिंब जास्तीचे ठरते आणि वाचणारा त्याचे कारण शोधू लागतो. अमेरिकेतील बिंगहॅम्टन विद्यापीठात सीलिया क्लिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे विद्यार्थ्यांवर तपासले होते. २०१५ साली पुढे आलेल्या त्या अभ्यासात पूर्णविराम दिलेली एका शब्दाची उत्तरे कमी मनापासूनची वाटली. तीच उत्तरे हाताने लिहिलेल्या चिठ्ठीत असताना मात्र असा फरक दिसला नाही. अनेक वाक्यांच्या लांब मेसेजमध्ये पूर्णविराम सहसा कोणाला खटकत नाही, कारण तेथे त्याला काम असते.

आमच्या यवतमाळकडच्या एका शेतकऱ्याने अमरावतीला शिकणाऱ्या मुलीला लिहिले होते, “कापूस विकला... पैसे सोमवारी टाकतो... तब्येत सांभाळ...” वडिलांच्या दृष्टीने ती टिंबे म्हणजे दोन गोष्टींमधली मोकळी जागा होती, पोस्टकार्डावर ओळ वाया जाऊ नये म्हणून त्यांची पिढी असेच लिहीत आली. मुलीच्या पिढीत टिंबटिंब म्हणजे अर्धवट सोडलेले बोलणे असते, म्हणून भाव पडला असावा आणि पैसे नाइलाजाने येत असावेत असे तिला वाटले. मन खट्टू होऊन तिने “हो.” एवढेच लिहिले, आणि ते टिंब वडिलांना लागले. दोघांपैकी कोणीही रागावलेले नव्हते, हे मला फार महत्त्वाचे वाटते.

अशा वेळी त्याच माणसाचे जुने मेसेज वर सरकवून पाहावेत. तो “शुभ सकाळ...” असेही लिहीत असेल, तर टिंबांना काही अर्थ नाही. एरवी टिंब न देणाऱ्याने आजच दिले असेल, तर मात्र विचारून घ्यावे. इंग्रजी कीबोर्डवर लागोपाठ दोनदा स्पेस दाबली तरी पुष्कळ फोन स्वतःहून पूर्णविराम टाकतात, तेव्हा तेवढ्यावरूनही निष्कर्ष काढू नये.

मोठ्या अक्षरांचा प्रश्न देवनागरीत उद्भवतच नाही, तो रोमनमध्ये मराठी लिहिणाऱ्यांचा आहे. “Ho” मधले पहिले मोठे अक्षर बहुधा कीबोर्डच टाकतो. “HO” मात्र ओरडल्यासारखे वाटते. पण बियाण्यांचा दुकानदार सगळेच मेसेज मोठ्या अक्षरांत लिहीत असेल, तर ती केवळ त्याची सवय असते. “udya YE” असा एकच शब्द मोठा केलेला असेल, तर तो जोर मुद्दाम दिलेला असतो.

त्या वडिलांना मी एवढेच सुचवले की टिंबांच्या जागी नवी ओळ घ्यावी किंवा तीन गोष्टी तीन मेसेजमध्ये पाठवाव्यात. आणि मुलीने “हो बाबा” लिहावे, म्हणजे टिंब असले काय अन् नसले काय, काही अडत नाही.