तुम्ही विचारलंत म्हणून: क्रिएटिन आणि माझं जुनं उत्तर

"सर, ताकदीसाठी मुलं ती क्रिएटिनची पावडर घेतात, ती द्यायची की नाही ते एका शब्दात सांगा ना, तुम्ही दरवेळी गोल गोल बोलता."

बोलतो, कबूल. पण एकेकाळी मी एका शब्दातच सांगायचो. पालकसभेत उभा राहून ठासून म्हणायचो, "नाही. किडनी जातात." सगळे माना डोलवायचे, पाच मिनिटांत विषय संपायचा. शिवाय आपण मुलांना वाचवतोय असं वाटायचं, ते सुख वेगळंच. आता तसं म्हणत नाही, आणि त्यामागे एक कुस्तीगीर पोरगा आहे. त्याचं नाव सांगणार नाही.

सोळा वर्षांचा होता. 60 किलोच्या गटात खेळायचा आणि एरवी त्याचं वजन साठच्या जरासंच वर असायचं, म्हणजे स्पर्धेच्या आदल्या दिवशी थोडं सांभाळून खाल्लं की काटा बरोबर यायचा. माझं ते किडनीवालं भाषण त्याच्या आईवडिलांनी घरी जसंच्या तसं ऐकवलं होतं. मग झालं काय, तर त्याला मोठ्या पोरांकडून क्रिएटिनचा डबा मिळाला आणि त्याबद्दल विचारायला त्याच्याकडे माणूसच उरला नाही. घरी विचारलं तर डबा जाणार, मला विचारलं तर भाषण मिळणार. म्हणून त्याने डब्यावर लिहिलेलं लोडिंग केलं, म्हणजे सुरुवातीलाच मोठी मात्रा. पाच ग्रॅमचा चमचा, दिवसातून चार वेळा, पाच दिवस, म्हणजे रोज 20 ग्रॅम. ते नेमके स्पर्धेच्या आधीचे पाच दिवस होते.

क्रिएटिन स्नायूत साठतं तेव्हा सोबत पाणीही स्नायूत ओढून घेतं. पहिल्या आठवड्यात वजन किलो-दीड किलो वाढतं, मोठ्या माणसाचं दोनही वाढतं. याच्या काट्यावर 61.9 आले. आदल्या संध्याकाळी. त्याला वाटलं चरबी वाढली, की खाण्यात गडबड झाली. मग त्याने पाणी बंद केलं, रेनकोट घालून जिने चढउतार केले, तोंडात घोट घेऊन थुंकत राहिला. मला फक्त एवढंच दिसलं की पोरगा वजन उतरवतोय, आणि मी, हे लिहितानाही लाज वाटते, "शाब्बास, जिद्द आहे" म्हणालो.

सकाळी काट्यावर 59.9. तासाभराने मॅटच्या कडेला त्याच्या पोटऱ्यांत गोळे आले, ओठ पांढरे पडले, उठायला गेला तर भिंत धरली. दवाखान्यात सलाईन लावलं, रक्त तपासलं, किडनीचं काम ज्यावरून बघतात ते क्रिएटिनिन 1.6 आलं, म्हणजे वाढलेलं. डॉक्टरांनी विचारलं, "काही घेतो का हा?" मी छातीठोकपणे सांगितलं, "नाही, आमच्याकडे कुणी घेत नाही." पोरगा तिथेच पडून होता, छताकडे बघत. तो काही बोलला नाही. दोन तासांनी त्याच्या आईला किट बॅगेत, गुडघ्याच्या पट्ट्यांच्या खाली, डबा सापडला.

आता मला वाटलं मी बरोबरच होतो की! किडनी गेली, मी म्हणालोच होतो. डॉक्टरांनी माझं हे समाधान फार टिकू दिलं नाही. शरीरातल्या क्रिएटिनचा थोडा भाग रोज आपोआप क्रिएटिनिन होऊन लघवीतून जातो. जो क्रिएटिन जास्त घेतो त्याच्या रक्तात तो आकडा किडनी ठणठणीत असूनही थोडा वर दिसू शकतो. वर अंगात पाणी नसलं तरी आकडा चढतो, आणि हे पाण्याचं प्रकरण मात्र किडनीसाठी खरंच धोक्याचं. म्हणजे या 1.6 मधले किती पावडरीचे आणि किती कोरड्या अंगाचे, हे त्या एका तपासणीवरून कळत नाही. त्यांनी सिस्टॅटिन सी नावाची दुसरी तपासणी केली, तिच्यावर क्रिएटिनचा परिणाम होत नाही, आणि ती नॉर्मल आली. पाणी भरल्यावर क्रिएटिनिनही उतरलं, आणि डबा बंद करून काही आठवड्यांनी पुन्हा बघितलं तेव्हा 0.9.

म्हणून तुमच्यापैकी कुणी घेत असेल तर रक्त तपासायच्या आधी डॉक्टरला सांगा. नाहीतर ते भलत्याच आजाराच्या मागे लागतील.

डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, निरोगी मोठ्या माणसांत ठरलेल्या मात्रेने किडनी बिघडते असं अभ्यासांत दिसलेलं नाही, तुम्ही हे पोरांना का सांगता? मी म्हणालो, घाबरावीत म्हणून. ते म्हणाले, घाबरली की लपवतात. मला राग आला होता. त्यांना रोज चाळीस पोरं सांभाळायची नसतात.

तरीही मी अठराच्या आतल्यांना घ्या म्हणत नाही, आणि इथेच तुम्हाला मी गोल बोलतोय असं वाटतं. अमेरिकन अ‍ॅकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्स या वयात नको म्हणते. खेळातल्या पोषणावर काम करणाऱ्या तज्ज्ञांची दुसरी संस्था 2017 साली म्हणाली की गंभीरपणे स्पर्धा खेळणारा मुलगा, नीट आहार, मोठ्यांची देखरेख, बरोबर मात्रा, एवढं असेल तर विचार करता येईल. वाढत्या वयातल्या मुलांवरचे लांब मुदतीचे अभ्यास थोडे आहेत, त्यामुळे शहाणी माणसंच एकमत नाहीत, मग मी एका शब्दात कुठून आणू?

फायदा आहे, ते मी नाकारत नाही. पण तो दहाएक सेकंदांच्या जोरदार कामात, परत परत करायच्या धावेत, शेवटच्या एक-दोन रेप्समध्ये. ज्या पोराची पकड ढिली आहे आणि जो रात्री एक वाजता झोपतो, त्याला यातून काय मिळणार? आणि लोडिंगची तर गरजच नसते, रोज 3 ते 5 ग्रॅम घेतले तरी तीन-चार आठवड्यांत स्नायू तेवढेच भरतात. हे मात्र मी मुद्दाम सांगतो. त्या पोराला एवढं कुणी सांगितलं असतं तर तो पाच दिवसांत दीड किलो फुगला नसता. पूर्वीचा मी यावर म्हणतो, अरे, मात्रा सांगणं म्हणजे अर्धी परवानगीच. त्याचं चूक आहे असं मला छातीवर हात ठेवून म्हणता येत नाही.

मला जास्त भीती डब्यात काय आहे याची आहे. क्रिएटिन वाडा या जागतिक डोपिंगविरोधी संस्थेच्या बंदी यादीत नाही, पण डब्यात तेवढंच असेल याची खात्री काय? 2000-01 मध्ये कोलोनच्या डोपिंग प्रयोगशाळेने 13 देशांतली 634 सप्लिमेंट्स तपासली तर 94 मध्ये लेबलवर नसलेली स्टेरॉइड्स निघाली. जुना आकडा आहे, पण लेबलवर नव्हतं ही सबब डोपिंगमध्ये खेळाडूला आजही सोडवत नाही. म्हणून घ्यायचंच असेल तर बाहेरच्या प्रयोगशाळेने बॅचनुसार तपासलेलं घ्या, साधं क्रिएटिन मोनोहायड्रेट, आणि डबा मला दाखवा. प्री-वर्कआउटची मिक्स पावडर नको, तिच्यात कॅफिन किती हे नीट कळतच नाही.

गेल्या सभेत एवढं सगळं बोललो. संपल्यावर एक वडील म्हणाले, "म्हणजे सरांची परवानगी आहे तर." नाही हो. दुसरे म्हणाले, "सर आता घाबरून बोलतात." त्यांना मी काही उत्तर दिलं नाही, कारण तो पोरगा छताकडे बघत होता ते मला अजून दिसतं.