आमची वाटचाल: बुडाखालची बारीक रेघ

चकचकीत टेबलावरची वस्तू खरोखर टेकलेली दिसली पाहिजे, याच हट्टावर आमचा फोटो रिटचिंगचा व्यवसाय उभा राहिला. आणि याच कामात एका स्पर्धकाने आमचे मोठे ग्राहक ओढून नेले. त्यांची रीत सोपी होती: टेबलातलं प्रतिबिंब म्हणून वस्तूचाच फोटो उलटवायचा, खाली चिकटवायचा, ग्रेडियंटने पुसट करायचा. दर निम्मा. वस्तू अधांतरी दिसते, याकडे कुणी बघितलं नाही. पगार अडकले, कुलूप लावायची वेळ आली. ते अजून बोचतं.

टिकून राहिले ते गोल बाटल्या विकणारे आमचे पहिले ग्राहक, कारण त्यांच्या मालावर ती रीत लगेच उघडी पडते. कॅमेरा थोडा वर असेल तर बाटलीच्या बुडाची कड खाली फुगलेली दिसते. उलटवलेल्या प्रतीची कड वर फुगते. दोन्ही फक्त मध्यभागी टेकतात आणि दोन्ही बाजूंना पाचरीसारखी फट राहते. प्रत नुसती वर सरकवून फट झाकू नका. तरीही लेबल खोटेपणा उघड करतंच. खऱ्या प्रतिबिंबात लेबलच्या कडाही खालीच फुगतात, खऱ्या बाटलीवरच्या कडांपेक्षा किंचित जास्त. म्हणून आम्ही चित्र वाकवणाऱ्या वॉर्पने प्रतीच्या दोन्ही बाजू वर ओढतो आणि मध्य जागेवर ठेवतो. मग बुडाची कड जुळते, लेबलही वळतं. खोक्याला हे चालत नाही. तिथे प्रत्येक बाजू वेगळी कापून, उलटवून, तिरपी करून आपापल्या खालच्या कडेला जुळवावी लागते.

सावली एका थरात उरकणाऱ्यांची वस्तू तरंगते. २००० पिक्सेल उंचीच्या फोटोत आम्ही बुडालगत ३-४ पिक्सेलची गडद रेघ खालचा रंग गडद करणाऱ्या मल्टिप्लाय मोडवर काढतो, तिला जेमतेम १-२ पिक्सेल ब्लर देतो. तिच्याखालच्या थरात २०-३० पिक्सेल पसरलेली फिकी सावली, ब्लर १२च्या आसपास. रेघ शुद्ध काळी नको, टेबलाच्याच रंगाची गडद छटा घ्या. पसरट सावली प्रतिबिंबाच्या खाली आणि रेघ सगळ्यांत वर, कारण सावलीने टेबलाचा स्वतःचा रंग काळवंडतो, त्यावरची चमक नाही. काळ्या काचेवर तर पसरट सावली जवळपास दिसतच नाही. तिथे ती टाकली की काम बनावट वाटतं.

प्रतिबिंब किती ठळक ठेवायचं, हे कॅमेऱ्याच्या उंचीवर ठरवा. काचेच्या पृष्ठभागावर सरळ वरून बघितलं तर सुमारे ४ टक्के प्रकाश परततो. लंबापासून ८० अंश तिरप्या नजरेला जवळपास ३९ टक्के. वरून घेतलेल्या फोटोत आरशासारखं प्रतिबिंब कुणी मागितलं, तर आम्ही नाही म्हणतो. आणि ग्रेडियंटपेक्षा ब्लरवर भर द्या: टेबल किंचित खरखरीत असेल, तर बुडालगत प्रतिबिंब रेखीव असतं आणि बाटलीचा वरचा भाग जितका दूर, तितकं ते धूसर होत जातं.