गजर एका ठोक्यात थांबवताना

आमच्या खानापूर तालुक्यातल्या गावात हरिनाम सप्ताह असतो. रोज रात्री कीर्तनाआधी 'जय जय राम कृष्ण हरी'चा गजर होतो आणि तो पंधरा-वीस मिनिटं चालतो. तीन वर्षांपूर्वी पुढच्या टाळाची जबाबदारी माझ्याकडे आली. टाळ लहानपणापासून वाजवत होतो, त्यामुळे यात नवं काय असणार असं वाटलं होतं.

पहिल्या रात्रीच गजर विस्कटला. पत्र्याच्या शेडमध्ये समोरासमोर दोन ओळींत आम्ही सव्वीस टाळकरी होतो, मागे बायाबापड्या आणि पोरं टाळ्या वाजवत होती. वीणेकऱ्यांनी मान हलवली, मी टाळ थांबवला. माझ्या शेजारचे चौघे थांबले, बाकीचे वाजवतच राहिले. मागच्या टाळ्या तर आणखी तीन आवर्तनं चालल्या. 'पुंडलिक वरदे' कुणाला ऐकूही गेलं नाही. वीणेकरी काही बोलले नाहीत, पण त्यांचा उतरलेला चेहरा बघून मला रात्रभर झोप आली नाही.

आमचे मृदंगवाले बापू शेजारच्या कानडी गावचे, पण सगळे अभंग त्यांना पाठ. सकाळी पखवाजाच्या धुमेला कणीक लावता लावता म्हणाले, "शेवट शेवटाला बिघडत नाही रे. टाळ आधीपासनंच पळूलालाय तुमचा. निधान, निधान." कानडीत निधान म्हणजे सावकाश.

पुतण्यानं मोबाईलवर आदल्या रात्रीचा गजर घेतला होता, तो घड्याळ लावून ऐकला. सुरुवातीला एका ओळीला सहा सेकंद लागत होते. सहाव्या मिनिटाला साडेचार झाले होते आणि चौदाव्या मिनिटाला अडीचच्याही खाली गेले होते. दुगुन म्हणजे दुप्पट लय धरायची वेळ येण्याआधीच आम्ही दुगुनीच्या पुढे गेलो होतो. ऐकताना खूण सहज कळते: 'हरी'तली 'री' गिळली जाते आणि पुढचा 'जय' तिच्या अंगावर येतो. असं झालं की लय हातातून गेली समजायचं.

याचं कारण बापूंनी हात धरून दाखवलं. ओळ आठ मात्रांची आहे: जय, जय, रा, म, कृ, ष्ण, ह, री. माणूस ठोका बरोबर मारतो, पण दोन ठोक्यांमधली रिकामी जागा खातो. हात जेवढा कमी उघडतो तेवढा पुढचा ठोका लवकर पडतो. एकाचा लवकर पडला की शेजारचा त्याला गाठायला जातो, मग सगळी ओळच ढकलली जाते.

म्हणून दुसऱ्या दिवशी दुपारी पोरांना आणि बायकांना बसवून टाळीच आधी घेतली. पहिल्या, तिसऱ्या, पाचव्या आणि सातव्या मात्रेला टाळी. मधल्या मात्रेला हात खांद्याइतके उघडायचे आणि तिथंही मनात मात्रा मोजायची. पहिली दहा मिनिटं मी फक्त उघडलेल्या हातांकडेच बघत होतो. एका काकूंना हे आवडलं, म्हणाल्या, "म्हणजे टाळी दोन्हीकडं असते, वाजते एकीकडं." मला इतक्या सोप्या शब्दांत सांगता आलं नसतं.

या टाळीचा मोठा उपयोग दुगुनीला झाला. दुगुन धरली की टाळकरी दुप्पट लयीत वाजवतात, पण टाळी वाजवणाऱ्यांनी हात होते तसेच ठेवायचे. आपोआप त्यांची टाळी आता फक्त 'जय' आणि 'कृ' वर पडते. सहा सेकंदांच्या ओळीच्या जागी तीन-तीन सेकंदांच्या दोन ओळी बसतात आणि टाळीचं अंतर तेच राहतं. मंडपात एक गोष्ट न बदलणारी असली की टाळ तिला धरून चालतो. आधी आम्ही दुगुनीकडे हळूहळू चढत जायचो, तिथंच घसरायचो. आता एका समेला, म्हणजे ओळीच्या पहिल्या मात्रेला, पायरी चढल्यासारखं जातो.

टाळांचंही बदललं. सव्वीस जोड्या सगळ्या खुल्या वाजल्या की पत्र्याखाली नुसता झणत्कार भरतो आणि ठोका नेमका कुठं पडला ते कुणालाच कळत नाही. ठरवलं की खुला ठोका पहिल्या आणि पाचव्या मात्रेवरच, बाकीचे दाबून. पहिल्याच सरावाला बापूंचा पखवाज शेवटच्या टाळकऱ्यापर्यंत स्वच्छ ऐकू गेला.

राहिला शेवट. नुसती मान हलवून भागत नाही, कारण निम्मी मंडळी डोळे मिटून असतात, आणि ती असावीतच. म्हणून खूण दोन प्रकारची हवी, दिसणारी आणि ऐकू येणारी, आणि ती थांबायच्या आधी हवी. वीणेकऱ्यांनी मान हलवली की पुढच्या समेला मी दोन्ही टाळ डोक्यावर नेऊन वाजवायचं. बघणाऱ्यांनी आपलेही टाळ वर न्यायचे, टाळ्या वाजवणाऱ्यांनी हात वर न्यायचे. अशानं खूण हातोहात मागे पोहोचते, मी कुणाला दिसलोच पाहिजे असं राहत नाही. त्याच समेपासून बापू चालू ठेका सोडून फक्त पहिल्या मात्रेवर धुमेची थाप देतात. डोळे मिटलेल्यालाही तो बदल लगेच जाणवतो. अशा चार ओळी म्हणायच्या. चौथ्या ओळीची 'री' लांबवून धरायची, टाळ्या थांबवायच्या आणि बापूंनी तिहाई घ्यायची.

तिहाई आम्ही मुद्दाम सोपी ठेवली. तीन मात्रांचा बोल तीनदा, म्हणजे नऊ मात्रा. पहिल्या मात्रेपासून सुरू केला की प्रत्येक बोलाचा 'धा' तिसरीवर, सहावीवर आणि नववीवर येतो, आणि नववी म्हणजेच पुढची सम. टाळकऱ्यांनी या तीन 'धां'वरच ठोका द्यायचा. तिसरा ठोका मारला की टाळ लगेच छातीशी दाबायचे. हे दाबणं राहिलं तर एक टाळ घुमत राहतो आणि कडेच्या माणसाला वाटतं अजून चाललंय. पाचव्या रात्री तेच झालं. दोघांनी टाळ सोडले आणि मागून दोन पोरांनी पुन्हा टाळी धरली. सहाव्या रात्री मात्र तिसऱ्या ठोक्याला सगळं थांबलं, आणि 'पुंडलिक वरदे' वीणेकऱ्यांच्या एकट्याच्या आवाजात शेवटच्या खांबापर्यंत गेलं. मी डोळे पुसले.

काल्याच्या दिवशी गावातून दिंडी निघाली तेव्हा एक नवी अडचण आली. रांग चाळीसेक मीटर लांब झाली. आवाज सेकंदाला सुमारे तीनशे चाळीस मीटर जातो, म्हणजे पुढचा ठोका मागच्याच्या कानावर सेकंदाच्या आठव्या भागाएवढा उशिरा येतो. दुगुनीत एक मात्राच सेकंदाच्या तिसऱ्या भागाहून थोडी मोठी, त्यामुळे कानानं वाजवणारा मागचा माणूस मात्रेचा तिसरा हिस्सा मागे राहतो. प्रत्येकानं शेजारच्याचं ऐकून वाजवलं की ते आणखी साठत जातं. तिथं मी मधल्या दोन टाळकऱ्यांना रांगेच्या बाहेरच्या अंगानं चालवलं आणि मागच्यांना सांगितलं, त्यांचे हात बघून वाजवा. तरी वेशीपाशी वळणावर हात दिसेनासे झाले आणि मागचे मागे पडले. बापूंनी तिथं दुगुन सोडून ठाय धरली, मारुतीच्या देवळापर्यंत तशीच ठेवली आणि पार दिसल्यावरच मला टाळ वर न्यायला सांगितले.