जिन्याच्या दिव्याला दोन बटणं: माझा अनुभव

आमच्या घराच्या जिन्यात नवं वायरिंग झालं आणि दिवा वेगळाच वागू लागला. वरचं बटण एका बाजूला असेल तरच खालचं चालायचं. वरचं दुसऱ्या बाजूला दाबलं, की खालून काहीही करा, दिवा लागायचा नाही. वायरमन बाहेरगावी गेलेला. आई रात्री जिना उतरते, त्यामुळे थांबणं मला पटेना. मी आधी कागदावर आकृती काढली:

```
फेज → मधला [खालचं बटण] == दोन वायर == [वरचं बटण] मधला → दिवा → न्यूट्रल
```

टू-वे बटणाला तीन स्क्रू असतात. आमच्या बटणांत मधला स्क्रू सामाईक होता. बटण दाबलं की तो कडेच्या एका स्क्रूला सोडून दुसऱ्याला जोडला जातो. कडेचे दोन स्क्रू एकमेकांना कधीच जोडले जात नाहीत. खालच्या बटणाच्या मधल्या स्क्रूला फेज येतो, वरच्याच्या मधल्यातून वायर दिव्याकडे जाते आणि दोघांच्या कडेच्या स्क्रूंना दोन वायर जोडतात. दोन्ही बटणं एकाच वायरवर असली की दिवा लागतो, वेगवेगळ्या वायरवर असली की विझतो. म्हणून कुठलंही एक बटण दाबलं तरी स्थिती उलटते. यात ‘चालू’ची बाजू अशी ठरलेली नसतेच.

आकृतीवरून आमचा दोष उलगडला. वर दिव्याची वायर कडेला लागली असणार आणि दोनपैकी एक वायर मधल्या स्क्रूला. तसं झालं, की वरचं बटण एका स्थितीत त्या दोन वायरच एकमेकींना जोडतं आणि दिवा पूर्ण तुटतो.

तिन्ही वायर लालच होत्या, त्यामुळे नुसतं बघून ओळखणं अशक्य होतं. एमसीबी पाडली, दोन्ही बोर्डांत वीज नसल्याची टेस्टरने खात्री केली (टेस्टर आधी चालू सॉकेटवर लावून बघितला होता) आणि बल्ब काढला. वरच्या तिन्ही वायर सोडवल्या. खाली कडेच्या दोन वायर सोडवून त्यांची टोकं एकमेकांना पिळली. मग वर मल्टिमीटर बीपवर ठेवून जोड्या तपासल्या. ज्या दोन वायरींवर बीप वाजला त्या खालून आलेल्या, उरलेली दिव्याची. तिला चिकटपट्टी लावून मधल्या स्क्रूत कसली. त्या दोघी कडेला लावल्या; त्यांची अदलाबदल झाली तरी फरक पडत नाही. खालचा पीळ सोडवून त्या वायर आपापल्या स्क्रूंत परत बसवल्या.

पुरवठा चालू करून दोन्ही बटणांच्या चारही जोड्या बघितल्या. दोनदा दिवा लागला, दोनदा विझला. एक वायर वाचवायला काहीजण फेज आणि न्यूट्रल दोन्ही बटणांच्या कडेच्या स्क्रूंना आणतात. त्यातही दिवा दोन्हीकडून चालतो, पण विझलेल्या दिव्याच्या दोन्ही टोकांना फेज असू शकतो, आणि बल्ब बदलणाऱ्याला ते कळत नाही. आमच्याकडे न्यूट्रल थेट होल्डरलाच आहे, हे मी बोर्ड बंद करण्याआधी पाहून घेतलं.