इनसाइड बार, डोजी आणि माझी पावणेतीनची घाई

अमळनेरला माझं कृषी सेवा केंद्र आहे. शेअर बाजाराची हौस जळगावातल्या एका क्लासमुळे लागली. अकाउंट उघडणं, केवायसी, पहिले चार-दोन सौदे, हे सगळं सुरळीत झालं, त्यात सांगण्यासारखं काही नाही. अडकलो ते एका कॅन्डलवर, चार्टवर दिवसभरातली भावाची हालचाल दाखवणाऱ्या उभ्या पट्टीवर. त्या क्लासवरचा राग अजून गेलेला नाही, कारण तिथे फळ्यावर एक मोठी कॅन्डल, तिच्या पोटात एक छोटी कॅन्डल काढून सरांनी थेट वर बाण मारला होता. "ट्रेंड वर असेल तर इनसाइड बार म्हणजे वरच." मी वहीत तसंच उतरवून घेतलं.

2023 च्या पावसाळ्यातली गोष्ट. एक शेअर तीन आठवडे चढत होता. एका दिवशी त्याने मोठी कॅन्डल काढली, वरचं टोक 412 आणि खालचं 396. दुसऱ्या दिवशी तो अख्खा दिवस 408 आणि 401 च्या मध्येच फिरला. म्हणजे कालच्या कॅन्डलचं डोकंही ओलांडलं नाही आणि पायही. हाच इनसाइड बार, आणि आदल्या दिवसाची ती मोठी कॅन्डल म्हणजे मदर कॅन्डल.

दुपारी पावणेतीनला दुकानात एक जण युरियासाठी उभा होता आणि मी मोबाइलवर चार्ट बघत होतो. भाव 404 ला उघडून 405 वर आला होता, छोटी हिरवी कॅन्डल दिसत होती. पोटातली कॅन्डल, तीही हिरवी, ट्रेंड वरचा. 200 शेअर 405 ला घेतले. युरियाचं बिल नंतर केलं.

साडेतीनला बाजार बंद झाला तेव्हा बंद भाव होता 404.20. उघडला 404 ला, बंद झाला जवळपास तिथेच. माझी हिरवी कॅन्डल डोजी होऊन बसली होती. पहिली चूक इथेच झाली. जी कॅन्डल बघून मी शेअर घेतला ती तेव्हा तयारच झाली नव्हती. दिवसाची कॅन्डल साडेतीनपर्यंत ओली असते. तोवर तिचा रंग, शरीर, शेपटी काहीही बदलू शकतं.

(हे आठवलं म्हणून इथेच सांगतो: 20 पैशांचा फरक आहे म्हणून ही डोजी नव्हे, असा वाद घालू नका. तेव्हा एनएसईचा अधिकृत बंद भाव शेवटच्या अर्ध्या तासातल्या सौद्यांची भारित सरासरी असायचा, त्यामुळे शेवटचा सौदा आणि बंद भाव यांत थोडा फरक पडायचाच. त्या दिवशी भाव सात रुपये हलला होता. त्यापुढे 20 पैशांचं शरीर म्हणजे नसल्यासारखंच.)

रात्री एका जिनिंगवाल्या भाऊंना फोन केला. ते माझ्याआधी दहा-बारा वर्षं यात आहेत. सगळं ऐकून म्हणाले, "तुले काय घाई शे रे भो? कॅन्डल काय सांगी राहिनी ते तरी ऐक." मग त्यांनी जे समजावलं ते क्लासमध्ये कुणी सांगितलं नव्हतं. मदर कॅन्डलच्या दिवशी भाव 16 रुपये हलला, दुसऱ्या दिवशी सातच. घेणाऱ्यांना 412 च्या जवळ जायची हिंमत झाली नाही आणि विकणाऱ्यांना 396 पर्यंत दाबता आलं नाही. वर डोजी, म्हणजे दिवसभर ओढाताण होऊन दोघंही सकाळी होते तिथेच संध्याकाळी. दोन्ही खुणा एकच सांगतात की बाजाराचं ठरलेलं नाही. आणि बाजाराचंच ठरलेलं नाही, तर माझं कसं ठरलं?

तिसऱ्या दिवशी अकरा वाजता भाव 409.50 झाला. इनसाइड बारचं 408 चं टोक तुटलं! मी भाऊंना अभिमानाने स्क्रीनशॉट पाठवला. त्यांचं उत्तर एका ओळीत आलं, "412 वर बंद होऊ दे." मला ती कटकट वाटली. पण मुद्दा तोच होता. 408 च्या वर भाव गेला तरी तो अजून मदर कॅन्डलच्या आतच होता, शिवाय नुसता शिवून येणं वेगळं आणि तिथे बंद होणं वेगळं. दुपारनंतर विक्री आली आणि भाव 399 ला बंद झाला, इनसाइड बारच्या 401 च्या खाली. निकाल लागला होता, माझ्या विरुद्ध. तिथे निघालो असतो तर 1,200 रुपयांत सुटलो असतो. मी निघालो नाही. चौथ्या दिवशी 396 तुटलं, तेव्हा घाबरून 391 ला विकले. 14 रुपये गुणिले 200, म्हणजे 2,800, वर ब्रोकरेज आणि कर.

आता मी असं करतो. कॅन्डल पूर्ण झाली की रात्री चार भाव वहीत लिहितो: मदरचे दोन, आतल्या कॅन्डलचे दोन. पुढची कॅन्डल 412 च्या वर बंद झाली तर वरचा विचार, 401 च्या खाली बंद झाली तर हात लावायचा नाही, आणि मध्येच राहिली तर अजून एक दिवस. हा मधला प्रकार फार छळतो. एकदा सलग तीन इनसाइड बार आले होते आणि मी रोज साडेतीनला शिव्या देत मोबाइल ठेवत होतो.

थांबणं फुकट मिळत नाही, हेही सांगायला हवं. 408 तुटताच घेतलं आणि 401 ला स्टॉपलॉस ठेवला, म्हणजे भाव तिथे आला की तोटा सोसून विकायचं ठरवलं, तर धोका शेअरमागे सात रुपये. 414 ला बंद झाल्यावर घेतलं, स्टॉपलॉस तोच, तर धोका 13 रुपये. म्हणून मी शेअर कमी घेतो. एका सौद्यात 1,500 रुपयेच घालवायचे ठरवले तर पहिल्या हिशेबात 214 शेअर येतात, दुसऱ्यात 115. शिवाय पुष्टी मिळाल्यावरही भाव उलटतोच कधीकधी, आणि सकाळी गॅपने खाली उघडला तर स्टॉपलॉसचा भावही मिळत नाही.

जीटीटी, म्हणजे ठरवलेला भाव आला की आपोआप सुटणारी ऑर्डर, लावून निवांत राहण्याची युक्तीही केली होती. फसली. जीटीटी भाव शिवला की सुटते, कॅन्डल बंद होण्याची वाट बघत नाही. आता 412 चा फक्त अलर्ट लावतो आणि तीन-वीसला स्वतः बघतो. तासाच्या चार्टवर आणखी एक फसगत असते. सव्वानऊपासून मोजलं तर दिवसाची शेवटची कॅन्डल सव्वातीन ते साडेतीन, पंधराच मिनिटांची. ती बहुतेक वेळा आधीच्या कॅन्डलच्या पोटात मावते, तिला इनसाइड बार म्हणून काय उपयोग? ज्या शेअरमध्ये सौदेच होत नाहीत, तिथल्या पाच मिनिटांच्या चार्टवर डोजींची रांग दिसते, तीही तशीच पोकळ.

हे सगळं घरी सांगितलं तेव्हा वडील ओसरीवर बसले होते. आतल्या खोलीत छतापर्यंत कापूस भरलेला, भाव मनासारखा नाही म्हणून चार महिने पडून. मी एका दिवसाची वाट बघण्याबद्दल तक्रार करत होतो. ते काही बोलले नाहीत, फक्त त्या खोलीच्या दाराकडे बघितलं.