२९ फेब्रुवारीचा हिशेब

"वर्ष ३६५ दिवसांचं असतं, मग दर चार वर्षांनी हा जास्तीचा दिवस येतो कुठून? आणि येतो, तर २१०० साली का येणार नाही?"

तो दिवस कुठून येत नाही, तो साचलेला असतो. पृथ्वीचं स्वतःभोवती फिरणं आणि तिचं सूर्याभोवती फिरणं या दोन वेगवेगळ्या गती आहेत. घड्याळातल्या दातेरी चाकांसारख्या त्या एकमेकींत अडकवलेल्या नाहीत. त्यामुळे एक फेरी पूर्ण होताना दिवसांची संख्याही नेमकी पूर्ण व्हावी, असं काही कारणच नाही.

३६५ वा दिवस मावळतो तेव्हा पृथ्वी नेमकी कुठे असते, ते बघा. ती सेकंदाला सुमारे ३० किलोमीटर वेगाने पळते आहे, आणि गेल्या वर्षी जिथून निघाली तिथे पोचायला तिला अजून ५ तास ४८ मिनिटं ४५ सेकंद हवे आहेत. म्हणजे जवळजवळ सव्वासहा लाख किलोमीटर वाट शिल्लक आहे. आपल्यापासून चंद्र आहे त्याच्या दीडपटीहूनही लांब. आपण मात्र कॅलेंडरचं पान उलटतो आणि नवं वर्ष सुरू करतो. चार वर्षं असंच केलं की पृथ्वी तारखेच्या मागे पंचवीस लाख किलोमीटर राहिलेली असते, आणि ते अंतर कापायला तिला साधारण एक दिवस लागतो. २९ फेब्रुवारी म्हणजे तिला दिलेला तो वेळ.

हे नुसतं सांगून पटत नाही, म्हणून मी माझी वही पुढे करते. दर मार्चमध्ये मी वसंत संपाताची वेळ तीत उतरवून ठेवते. सूर्य दक्षिणेकडून उत्तरेकडे जाताना बरोबर विषुववृत्तावर येतो, तो क्षण म्हणजे वसंत संपात. वर्ष मोजायला याच्यासारखी खूण नाही, कारण ऋतू याच खुणेला बांधलेले आहेत. जागतिक वेळेप्रमाणे २०२० साली संपात २० मार्चला पहाटे ३ वाजून ५० मिनिटांनी झाला. २०२१ ला त्याच तारखेला सकाळी ९:३७ ला, २०२२ ला दुपारी ३:३३ ला, २०२३ ला रात्री ९:२४ ला. दरवर्षी पावणेसहा-सहा तास उशीर. हा उशीर दर वेळी अगदी सारखा नसतो, कारण चंद्र आणि इतर ग्रह पृथ्वीला थोडं इकडेतिकडे ओढत असतात. वर दिलेले ५ तास ४८ मिनिटं म्हणजे सरासरी.

२०२४ ला संपात २१ मार्चवर सरकला असता. पण मध्ये २९ फेब्रुवारी आला आणि तो पुन्हा २० मार्चलाच झाला, पहाटे ३:०६ ला.

आता ३:५० आणि ३:०६ शेजारी शेजारी ठेवा. चार वर्षांनी संपात होता त्या जागी परत आला नाही, ४४ मिनिटं अलीकडे आला. माझ्या दृष्टीने सगळा विषय या ४४ मिनिटांत आहे. आपण पृथ्वीला चार वर्षांचे मिळून २४ तास दिले, तिला हवे होते सव्वातेवीस. थकबाकी चुकवताना आपण दर खेपेला पाऊण तास जास्त देऊन बसतो.

पाऊण तास म्हटलं तर काहीच नाही. पण ज्युलिअस सीझरच्या कॅलेंडरमध्ये चारने भाग जाणारं प्रत्येक वर्ष लीप असायचं, आणि हा पाऊण तास शतकानुशतकं साठत गेला. साधारण १२८ वर्षांत त्याचा एक पूर्ण दिवस होतो. इ.स. ३२५ च्या सुमारास संपात २१ मार्चच्या आसपास होई. चर्चने ईस्टरचा हिशेब त्या तारखेवर बसवला होता. सोळाव्या शतकात संपात ११ मार्चला होऊ लागला. ३२५ ते १५८२ या १२५७ वर्षांना १२८ ने भागून बघा, दहाच्या अगदी जवळ उत्तर येतं.

इटलीतले वैद्य अलॉयसियस लिलिअस यांनी यावर तोडगा मांडला, पण तो अमलात आलेला पाहायला ते जगले नाहीत. त्यांच्यानंतर गणिती ख्रिस्तोफर क्लाविअस यांनी तो उचलून धरला आणि पोप तेरावे ग्रेगरी यांनी १५८२ साली लागू केला. साठलेले दहा दिवस एकदम गाळले: गुरुवार, ४ ऑक्टोबरच्या दुसऱ्या दिवशी शुक्रवार, १५ ऑक्टोबर. वार मात्र तुटला नाही, हे मला फार आवडतं. सगळ्या देशांनी ते लगेच मानलं असं नाही. रशियाने १९१८ पर्यंत जुनंच चालवलं, म्हणून तिथली ऑक्टोबर क्रांती आपल्या कॅलेंडरने नोव्हेंबरात पडते.

पण दहा दिवस गाळणं ही झाली जुन्या चुकीची भरपाई. पुढे ती होऊ नये म्हणून काय केलं? ४०० वर्षांत वरच्या पावणेसहा-सहा तासांची बेरीज होते ९६.८८ दिवस. चारच्या नियमाने आपण १०० दिवस घालतो. म्हणजे तीन दिवस कमी करायला हवेत. ते तीन कुठले, हे कुणालाही लक्षात राहावं म्हणून शतकाची वर्षं निवडली. दर चार शतकवर्षांपैकी तीन साधी, आणि ज्याला ४०० ने भाग जातो ते लीप. म्हणून १७००, १८००, १९०० साधी गेली, २००० लीप होतं, आणि २१०० पुन्हा साधं.

या शतकात संपात दर चार वर्षांनी थोडा अलीकडेच सरकत राहणार आहे. २००० साली तो २० मार्चला सकाळी ७:३५ ला होता, २०९६ साली १९ मार्चच्या दुपारी असेल. २१०० मधला २९ फेब्रुवारी गाळला की तो झटक्यात २० मार्चवर परत येईल. त्या सालाचा दिवस याच कामासाठी जातो.

प्रोग्राम लिहिणाऱ्यांना एक गोष्ट आवर्जून सांगते. १९०१ ते २०९९ या काळात नुसता चारने भाग घालून बघितला तरी उत्तर बरोबर येतं, त्यामुळे अर्धवट लिहिलेला नियम वर्षानुवर्षं पकडला जात नाही. पूर्ण अट एवढीच आहे:

```
(y % 4 == 0 && y % 100 != 0) || y % 400 == 0
```

ती तपासायला २०२४ पुरत नाही. १९०० आणि २००० दोन्ही घालून बघा. १९०० ला लीप म्हणणाऱ्या प्रोग्रामला शंभरचा नियम माहीत नाही, आणि २००० ला साधं म्हणणाऱ्याला चारशेचा.

९७ दिवसही नेमके नाहीतच. ९६.८८ च्या जागी ९७ म्हणजे ४०० वर्षांत जेमतेम तीन तास जास्त. एक अख्खा दिवस साठायला ३२०० च्या आसपास वर्षं लागतील. तेव्हासाठी आणखी एक नियम आजच का करून ठेवत नाही, असंही लोक विचारतात. अडचण अशी की भरती-ओहोटीच्या घर्षणाने पृथ्वीची गिरकीच हळूहळू मंदावते आहे. दिवस शतकाला दोनेक मिलिसेकंदांनी लांबतो आणि त्या प्रमाणात वर्षात बसणारे दिवस कमी होतात. तीन हजार वर्षांनी वर्षात नेमके किती दिवस मावतील, हे तेव्हाचा दिवस किती लांब असेल यावर ठरेल, आणि तो मोजून मगच तेव्हाच्या लोकांना नियम करावा लागेल.